करारनाम्यातील ताबा, भरपाई, कार्पेट क्षेत्रफळ व रद्दीकरणाच्या अटींबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई

प्रत : दुय्यम निबंधक, शिरूर व दौंड

महोदय,

रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत आणि दौंडला रेल्वेत नोकरी करणाऱ्या आम्ही फ्लॅट बुक केले. इंग्रजी करारनामा नोंदणीच्या दिवशीच हातात पडतो आणि सह्यांची घाई होते. नंतर सवडीने वाचलेल्या अशाच एका करारनाम्याची, नावे खोडलेली प्रत सोबत जोडली आहे.

त्यात ताबा 31 डिसेंबर 2024 रोजी आहे, पण तारखेआधी ‘अंदाजे’ हा शब्द आहे. पुढच्या कलमात सहा महिन्यांची सवलत आणि मजूर व साहित्याच्या टंचाईचीही सूट आहे. युद्ध, पूर, भूकंप समजू शकतो. वाळू महागली हे नैसर्गिक संकट कसे?

उशिराची भरपाई दरमहा चौरस फुटाला 5 रुपये, म्हणजे 540 फुटांना 2,700 रुपये. ग्राहकाचा हप्ता चुकला तर मात्र व्याज 18 टक्के. रेरा कायद्यात दोन्ही बाजूंना व्याजदर एकच आहे आणि राज्याच्या नियमांनुसार तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा 2 टक्के जास्त असतो. तो 10.5 टक्के धरला, तर भरलेल्या 20 लाखांवर महिन्याला 17,500 रुपये होतात. कलम 18 प्रमाणे घर न सोडता ताबा मिळेपर्यंत हे व्याज मागता येते. 2,700 वर सही घेतलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

540 फूट ‘कार्पेट’ म्हणून लिहिले आहेत. सोबतच्या नकाशात मोजले तर त्यात 12 बाय 4 फुटांची बाल्कनी धरलेली आहे. कायद्याने आतल्या भिंती कार्पेटमध्ये येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी येत नाहीत. म्हणजे खरे कार्पेट 492 फूट. शिवाय 5 टक्के फरक मान्य करून घेतला आहे. आदर्श करारनाम्यात मर्यादा 3 टक्क्यांची आहे.

रद्दीकरणाची अट सर्वांत जाचक आहे. ग्राहकाने रद्द केल्यास 24 लाखांच्या किमतीतून 20 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार कापून बाकीचे पैसे ‘फ्लॅट पुन्हा विकल्यावर’ मिळणार. उशीर बिल्डरचा असला तर काय, याचा उल्लेखच नाही. वास्तविक ताबा वेळेत न मिळाल्यास बाहेर पडणाऱ्याला भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते.

तरी आमच्या मागण्या अशा : आदर्श करारनाम्यापासून फारकत घेणारे प्रत्येक कलम दाखवणारा मराठी तक्ता नोंदणीपूर्वी किमान सात दिवस ग्राहकाला द्यावा. त्यात ताब्याची एकच तारीख, व्याजाचा दर, बाल्कनी वगळून कार्पेट आणि परताव्याची मुदत असावी, व त्यावर ग्राहकाची पोच घ्यावी. करारनाम्यातील तारीख महारेराच्या संकेतस्थळावरील तारखेशी जुळत नसेल, तर बिल्डरकडून लेखी खुलासा मागवावा. जोडलेल्या प्रतीतील कलमांबाबत आपला लेखी अभिप्राय मिळावा.

आपले विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील फ्लॅट खरेदीदार

सोबत : करारनाम्याची प्रत, नकाशा