दोन नोकऱ्या, दोन दाखले, पण कर एकच

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्या आपल्या मुलामुलींचे कागद पाहताना एक घोटाळा आम्हाला वरचेवर आढळतो. दोन्ही मालकांनी दिलेल्या फॉर्म 16 वर कपात शून्य असते. त्यामुळे आपल्याला कर नाही, असे समजून घरची मंडळी निश्चिंत होतात.

आर्थिक वर्ष 2025-26 चे, नव्या करप्रणालीतील उदाहरण घेऊ. एका मुलीला एप्रिल ते सप्टेंबर दरमहा 1 लाख, म्हणजे 6 लाख पगार मिळाला. ऑक्टोबरपासून दुसऱ्या नोकरीत दरमहा 1,30,000 प्रमाणे 7,80,000 मिळाले. पहिल्या मालकाने वर्षाचे 12 लाख धरले. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत आले, म्हणून सवलतीमुळे कर शून्य झाला. दुसऱ्याने फक्त आपले 7,80,000 पाहिले. तिथेही कर शून्यच!

खरा हिशेब दोन्ही पगारांच्या बेरजेवर होतो. एकूण 13,80,000 मधून 75,000 वजा जाता 13,05,000 उरतात. वजावट एकदाच मिळते. दोन्ही दाखल्यांवर ती वेगवेगळी दाखवलेली असते, म्हणून त्यांवरील करपात्र रकमांची बेरीज केली तर 12,30,000 येते. ती चूक आहे. बेरीज नेहमी वजावटीपूर्वीच्या पगाराची करावी.

आता 13,05,000 वर कर पाहू. 4 ते 8 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, पुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000 आणि उरलेल्या 1,05,000 वर 15 टक्क्यांनी 15,750. एकूण 75,750. त्यावर 4 टक्के उपकर 3,030 धरून देणे 78,780 रुपये होते. विवरणपत्र भरताना ही रक्कम एकदम समोर येते.

उपाय सोपा आहे. नव्या नोकरीवर रुजू होतानाच आधीच्या पगाराचा आणि कपातीचा तपशील फॉर्म 12B मध्ये भरून द्यायचा. जुन्या मालकाच्या फॉर्म 16 ची वाट पाहू नये, तो वर्ष संपल्यावरच मिळतो. पगाराच्या चिठ्ठ्या आणि शेवटच्या हिशेबाचा कागद यांवरून तपशील भरता येतो. तो दिला असता, तर याच मुलीची कपात सहा महिने दरमहा 13,130 रुपये झाली असती.

तपशील द्यायचा राहिलाच, तर 15 मार्चपर्यंत स्वतः आगाऊ कर भरावा. तीही तारीख गेली, तर विवरणपत्रापूर्वी चलनाने भरावा. एप्रिलपासून थकलेल्या करावर दरमहा 1 टक्का व्याज लागते, म्हणजे इथे महिन्याला सुमारे 787 रुपये. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे व्याज आणखी वेगळे.

दाखले हाती आल्यावर दोन्हींवरील कपात फॉर्म 26AS शी ताडून पाहावी, आणि मगच विवरणपत्र भरावे.