घड्याळ एक, मगरीब अनेक

भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. सूर्य मात्र सरकारी वेळ पाळत नाही. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७३ अंशांवर आहे, नागपूर ७९ वर आणि कोलकाता ८८ वर. त्यामुळे २० मार्चच्या आसपास कोलकात्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, नागपुरात सहा पंचविसाला आणि मुंबईत पावणेसात उलटल्यावर. इतर महिन्यांत अक्षांशामुळे हा फरक थोडा कमीजास्त होतो.

रोजा तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच लांब असतो, कारण सहेरीही त्याच हिशेबाने सरकते. बदलते ते कामाच्या वेळेशी त्याचे नाते. सहाला कचेरी सुटणाऱ्या कोलकातेकराची इफ्तार कामावरच होते. मुंबईकर कदाचित घरी पोहोचतो.

खरी गफलत होते ती दुसऱ्या शहराचे वेळापत्रक वापरताना, आणि ती दोन तऱ्हांची असते. नागपूरची इफ्तारची वेळ मुंबईत पाळली, तर सूर्यास्ताआधीच पंचवीस मिनिटे रोजा सुटतो. उलट मुंबईची सहेरी नागपुरात पाळली, तर सुबह सादिक झाल्यावरही खाणे चालूच राहते. दोन्ही आपल्याच राज्यातली शहरे, घड्याळही एकच. म्हणून विदर्भ एक्सप्रेसने निघालेल्या रोजेदाराने सहेरी-इफ्तारला गाडी जिथे असेल तिथली वेळ धरावी. वेळापत्रकावर आधी तारीख नव्हे, शहराचे नाव वाचावे.