दहा मिनिटांची पूजा आणि बारावी ऋचा

ठाण्यात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका तरुण जोडप्याने परवा आम्हाला एक छोटा व्हिडिओ पाठवला. 'धावपळीच्या शहरी कुटुंबासाठी दहा मिनिटांत नित्यपूजा.' ताम्हण, पळी-पंचपात्र, घंटा, निरांजन सगळे ओट्यावर मांडलेले, कोपऱ्यात घड्याळ धावते आहे. दोघेही बौद्ध घरात वाढलेले, चांगल्या नोकरीत. सोबत प्रश्न होता : "यात भटजी नाही, दक्षिणा नाही. मग आठवी प्रतिज्ञा कुठे मोडली? सकाळी मन शांत होत असेल तर बिघडले कुठे?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून चिडून उपयोग नाही. आम्ही व्हिडिओ तीनदा पाहिला.

संपूर्ण पूजेत सोळा उपचार असतात : आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे करत मंत्रपुष्पापर्यंत. घरात इतका वेळ कुणाला? म्हणून गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य एवढे पाचच ठेवतात. हा पंचोपचार काही आजच्या व्हिडिओवाल्यांचा शोध नव्हे, जुनीच सोय आहे. आता गंमत बघा. वेदोक्त पद्धतीत या सोळा उपचारांना ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा क्रमाने लावलेल्या आहेत, एका उपचाराला एक. नववी गंधाला, दहावी फुलाला, अकरावी धूपाला, बारावी दिव्याला, तेरावी नैवेद्याला. अकरा उपचार कापले तरी नववी ते तेरावी शिल्लक राहतात. आणि बारावी कोणती? पुरुषाच्या मुखाला ब्राह्मण, बाहूंना राजन्य, मांड्यांना वैश्य म्हणणारी आणि पायांपासून शूद्र जन्माला घालणारी. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६च्या ग्रंथाची सुरुवात बाबासाहेबांनी याच सूक्तापासून केली. ती ऋचा म्हणत देवासमोर निरांजन ओवाळायचे!

या जोडप्याच्या व्हिडिओत मात्र ती ऋचा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्यात देवाचे नाव घेऊन 'नमः' म्हणत एकेक वस्तू वाहिली होती आणि खाली लिहिले होते : 'पुराणोक्त, सर्वांसाठी.' म्हणजे आक्षेप संपला? नाही, इथेच तो सुरू होतो. कारण हे 'सर्वांसाठी' मुळात कुणासाठी होते, ते कोल्हापूरला विचारा. १८९९मध्ये पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. राजारामशास्त्री भागवतांनी ते महाराजांच्या लक्षात आणून दिले. जाब विचारल्यावर उत्तर मिळाले, तुम्ही शूद्र, तुम्हाला वेदोक्ताचा अधिकार नाही. छत्रपतीला हे ऐकावे लागले! पुढे महाराजांनी राजोपाध्यांचे इनाम जप्त केले. ज्या वाटेने एका राजाला खालची पायरी दाखवली, तीच वाट आज 'सोपी' म्हणून आपल्या हॉलमध्ये येते. मंत्र बदलले, पायरी तिथेच आहे.

दुसरी गोष्ट संकल्पाची. व्हिडिओत आचमनानंतर उजव्या हातात पाणी घेऊन तिथी-वार उच्चारतात आणि मग "इथे आपले गोत्र म्हणा" असे सांगून दोन सेकंद थांबतात. आम्ही त्या पोराला विचारले, त्या दोन सेकंदांत तू काय म्हणालास? तो ओशाळून म्हणाला, "काश्यप." गोत्र माहीत नसलेल्याने काश्यप म्हणावे, अशी रूढीच आहे. दहा मिनिटे वाचवायला उपचार कापले, आरती एका कडव्यावर आणली, पण वंश विचारणारा प्रश्न कापला नाही. ज्याच्या आजोबांना देवळाच्या पायरीशी उभे केले नाही, त्याने रोज सकाळी स्वतःला उसन्या ऋषीच्या कुळात बसवायचे?

राहिला आठव्या प्रतिज्ञेचा मुद्दा. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही, असे ती म्हणते. फोनमधला भटजी ब्राह्मण की आणखी कोण, यावर आम्ही वाद घालत नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या तीनच वाचा : ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, उपासना करणार नाही. भटजीचा नंबर त्यानंतर लागतो.

आणि आपल्याकडे बोट दाखवायलाही आम्ही लाजत नाही. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, फूल, मोबाइलवर त्रिशरण-पंचशील लावून द्यायचे आणि आपण दाढी करायची, असे किती घरांत चालते? पंचशीलातले प्रत्येक शील स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असते, कारण ते आपण घेतलेले व्रत आहे. ते स्पीकरने म्हणून चालत नाही.

त्या जोडप्याला आम्ही एवढेच कळवले : त्या दोन सेकंदांच्या जागी काय म्हणणार, ते आधी दोघे मिळून ठरवा. रविवारी या, पुरुषसूक्त आणि बाबासाहेबांचे पुस्तक दोन्ही समोर ठेवून वाचू. ते येतो म्हणाले आहेत. मुलीची आजीही येणार आहे.

जयभीम!