शेवटच्या नंबराची शिक्षा

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की नॅशनल फुटबॉल लीगबरोबर मित्रमंडळींच्या फँटसी लीगही सुरू होतात. दहा-बारा जण हंगामाआधी जमून खऱ्या खेळाडूंची आपसात वाटणी करतात. मग दर आठवड्याला त्या खेळाडूंच्या कामगिरीचे गुण मांडून एकाची टीम दुसऱ्याच्या टीमशी भिडते.

पहिला महिनाभर सगळेच जोशात असतात. अडचण येते नोव्हेंबरात. नऊपैकी सात सामने हरलेला मित्र टीम लावायचंच सोडतो. जखमी खेळाडू तसाच आत राहतो, ज्या संघाला त्या आठवड्यात सामनाच नाही त्याचा क्वार्टरबॅकही बदलला जात नाही. त्या वेळी त्याच्याशी गाठ पडणाऱ्याला फुकटचा विजय मिळतो. तोच मित्र मन लावून खेळत होता तेव्हा ज्यांची त्याच्याशी लढत झाली, त्यांच्यावर मात्र अन्याय होतो. एकाने हात टेकले की सगळा गुणतक्ता बिघडतो.

शेवटच्या नंबराला शिक्षा ठेवण्याचं खरं कारण हे आहे, आणि ही प्रथा या खेळाइतकीच जुनी आहे. 1963 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये बिल विंकेनबाख यांच्या घरी आठ संघांची पहिली फँटसी फुटबॉल लीग जमली. तिथे तळाच्या संघासाठीही एक करंडक होता: लाकडी फुटबॉलचा चेहरा आणि त्यावर ‘ढ’ मुलाला घालतात तशी टोपी.

शिक्षा कशी असावी, याचा उत्तम नमुना म्हणजे ‘वॅफल हाउस’ची शिक्षा. चोवीस तास उघड्या असणाऱ्या या खाणावळीत हरलेल्याने सलग चोवीस तास बसायचं. मात्र खाल्लेल्या प्रत्येक वॅफलमागे एक तास माफ. जून 2021 मध्ये मिसिसिपीतल्या एका वार्ताहराने ती भोगली आणि तिथूनच हकिगत ट्विटरवर लिहीत राहिला. नऊ वॅफल पोटात गेली, नऊ तास वजा झाले, पंधरा तासांनी सुटका झाली.

सुरुवातीला हिशेब सोपा वाटतो, पण पाचव्या-सहाव्या वॅफलनंतर एक तास कमी करणं भलतंच महाग पडू लागतं. खायचं की बसायचं, हे प्रत्येक वेळी हरलेल्यालाच ठरवावं लागतं. त्यामुळे त्या शिक्षेतही खेळ शिल्लक राहतो, आणि बाकीच्यांना रात्रभर डिवचायला ताजा विषय मिळतो. एका दिवसात ती संपतेही. गोंदवून घेण्याची शिक्षा ठेवणाऱ्या लीगही आहेत. पण जन्मभर अंगावर राहणारी शिक्षा एका हंगामाच्या चुकीला फार जड आहे. असली शिक्षा ऐन वेळी नाकारली जाते, मग पुढच्या वर्षी कुठल्याच शिक्षेचा धाक उरत नाही.

डिवचण्यालाही माप लागतं. ‘दुखावलेला खेळाडू पहिल्या फेरीत घेतलास!’ हा टोमणा निवडीवर आहे आणि त्याला पुढच्या आठवड्यात मैदानावर उत्तर देता येतं. माणसाच्या रोजीरोटीवरचा टोमणा वेगळा. 27 मे 2022 रोजी सिनसिनाटीत बेसबॉलच्या सामन्याआधी टॉमी फॅमने जॉक पीडरसनच्या थोबाडीत मारली. कारण होतं दोघांच्या फँटसी फुटबॉल लीगमधलं भांडण. पीडरसनने जखमी खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेचा वापर नियमबाह्य केला, असं फॅमचं म्हणणं होतं. पीडरसनच्या मते ते नियमात बसत होतं. त्यात पीडरसनने ग्रुपवर टाकलेल्या एका चलचित्राने फॅम त्या वेळी खेळत असलेल्या पाद्रेस संघाची टर उडवली होती. फॅमवर तीन सामन्यांची बंदी आली. लीगचे आयुक्त होते बेसबॉलमधले मोठे खेळाडू माइक ट्राउट. राखीव जागेचा नियम आधीच स्पष्ट करून वाद तिथल्या तिथे मिटवला असता, तर त्या चेष्टेला इतकी धार आली नसती.

ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर भारतात ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आता पुण्या-मुंबईच्या मित्रांनी इंग्लिश फुटबॉलच्या विनाशुल्क फँटसी प्रीमियर लीगमध्ये आपली छोटी लीग काढली, तर चुरस टिकवायला शिक्षा आणि थट्टा हीच साधनं हाती आहेत. तिथला हंगाम ऑगस्ट ते मे, 38 फेऱ्यांचा. मे महिन्यातली एकच मोठी शिक्षा फार लांब पडते. जानेवारीतच कोणी दीडशे गुणांनी मागे पडला तर त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं. म्हणून दर महिन्याचा हिशेब वेगळा धरावा. त्या महिन्यात सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्याने रविवारी सगळ्यांना वडापाव आणून द्यावा आणि पुढचा महिनाभर ग्रुपवर इतरांनी ठरवलेलं नाव लावावं. नव्या महिन्यात सगळे पुन्हा शून्यावर येतात, त्यामुळे तळाच्या मित्रालाही शुक्रवारी रात्री संघ बदलायला कारण उरतं.