बॅट घट्ट धरल्याने झणका टळत नाही

यॉर्कर बॅटच्या टोकाशी लागला की मुठीतून असा झणका येतो, की पोरगा बॅट टाकून हात झटकू लागतो. नेटबाहेरून ठरलेला सल्ला येतो, ‘बॅट घट्ट धर!’ सल्ला मायेचा आहे, पण चुकीचा. झणका सैल मुठीमुळे येत नाही. चेंडू पात्यावर कुठे लागला, यावरून तो ठरतो.

चेंडू आदळताच दोन गोष्टी एकदम घडतात. अख्खी बॅट मागे ढकलली जाते आणि त्याच वेळी आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. या फिरण्याने मूठ पुढे येऊ पाहते. पात्यावरच्या एका जागी चेंडू लागला, तर हाताखाली हे मागे जाणे आणि पुढे येणे बरोबर फिटते. ती जागा म्हणजे आघातकेंद्र. चेंडू तिच्या खाली, टोकाकडे लागला तर मूठ पुढे बोटांवर ओढली जाते. वर लागला तर मागे तळव्यावर आदळते.

ही जागा घरी शोधता येते. बॅट पकडीच्या जागी, समजा वरून 15 सेंटिमीटरवर, दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून छोटे झोके द्यावेत. शेजारी दोऱ्याला खडा बांधून झुलवावा आणि दोघांचे झोके जुळेपर्यंत दोरा कमी-जास्त करावा. जुळलेला दोरा 52 सेंटिमीटर भरला, तर आघातकेंद्र पकडीपासून तेवढेच खाली. म्हणजे 86 सेंटिमीटरच्या बॅटवर टोकापासून 19 सेंटिमीटर वर. पकड खाली सरकवली की ही जागाही टोकाकडे सरकते. हात दोन, म्हणून एका बॅटला एकच आघातकेंद्र असे म्हणणेही तितकेसे खरे नाही.

शाळेतले स्पष्टीकरण इथे थांबते आणि इथेच अपुरे पडते. बॅट पूर्ण ताठ नसते. फटक्याने ती किंचित वाकते आणि कंप पावते. बोटे झणझणतात ती मुख्यतः या कंपाने. पात्यावर एका पट्ट्यात हा कंप जवळजवळ उठतच नाही. तो पट्टा आघातकेंद्राच्या आसपास असतो, पण तंतोतंत तिथे नाही. हँडल सैल धरून पात्यावर जुन्या चेंडूने टोकापासून वर ठोकत गेले, की हाताला जाणवणारी थरथर जिथे विरते तिथे तो सापडतो.

चेंडू आणि बॅट यांची गाठ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती पडते. मुठीची पकड फटक्यात भर घालण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. घट्ट मूठ एवढेच करते, की कंप हातात अधिक उतरवते. जाड ग्लोव्ह्ज तो थोडा मऊ करतात. चेंडू कुठे लागला हे सांगणारी खूणही मग पुसट होते.

झणका काही क्षणांत ओसरायला हवा. बोटांचा बधिरपणा किंवा मनगटाची कळ दुसऱ्या दिवशीही उरली, तर तो बॅटचा नव्हे, डॉक्टरांचा विषय आहे.