ड्यू डेट पाठ आहे, पण स्टेटमेंट डेट माहीत आहे का?

क्रेडिट कार्डावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, पन्नास दिवस फुकट मिळतात म्हणे, मग मला वीसच का मिळाले?" उत्तर देतो, पण आधी माझीच चूक सांगतो.

माझं भेटवस्तूंचं दुकान आहे. २०२४ च्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी, १० ऑक्टोबरला, मी दिवाळीचा ६०,००० रुपयांचा माल कार्डावर उचलला. डोक्यात होतं, पन्नास दिवस आहेत, दिवाळी झाली की आरामात भरू. माझ्या कार्डाची स्टेटमेंट डेट दर महिन्याची १२ आणि ड्यू डेट त्यानंतर वीस दिवसांनी. म्हणजे १२ ऑक्टोबरला स्टेटमेंट बनलं, त्यात हा माल आला आणि पैसे भरायची तारीख पडली १ नोव्हेंबर. नेमकं लक्ष्मीपूजन! निम्मा माल अजून रॅकवर, थोडे पैसे उधारीत.

आता हाच माल मी चार दिवस थांबून १४ ऑक्टोबरला घेतला असता तर? १३ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर हे पुढचं बिलिंग सायकल. त्याचं स्टेटमेंट १२ नोव्हेंबरला आणि ड्यू डेट २ डिसेंबर. म्हणजे एकोणपन्नास दिवस. १० तारखेच्या खरेदीला मिळाले फक्त बावीस. कार्ड तेच, माल तोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, दुकानदाराने ड्यू डेटपेक्षा स्टेटमेंट डेट आधी पाठ करावी. ड्यू डेट बँक मेसेज करून सांगतेच. पण खरेदी कोणत्या सायकलमध्ये पडणार, हे ठरवणं फक्त तुमच्या हातात असतं. मोठी खरेदी स्टेटमेंट बनल्यानंतर एखाद-दोन दिवसांनी करा. स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको, अडलंच असेल तर गोष्ट वेगळी.

पुढची चूक जास्त महाग पडली. १ नोव्हेंबरला माझ्याकडे ४०,००० होते, तेवढे भरले. वाटलं, राहिलेल्या २०,००० वर थोडं व्याज लागेल. तसं होत नाही मित्रांनो. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून धरतात. माझ्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. पूर्ण ६०,००० वर १० ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, बावीस दिवसांचं व्याज साधारण १,५२०. मग उरलेल्या २०,००० वर १२ नोव्हेंबरपर्यंत अकरा दिवसांचे २५० च्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी. जवळपास २,१०० रुपये गेले. आणि बाकी शिल्लक असेपर्यंत कार्डावर जी नवी खरेदी कराल, तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू. हे फार कमी लोकांना माहीत असतं. अशा वेळी बाकी पूर्ण फिटेपर्यंत कार्ड गल्ल्यात ठेवून द्यायचं.

"मिनिमम ड्यू भरला ना, मग झालं" असं समजू नका. त्याने फक्त लेट फी वाचते, व्याज नाही. ऑटो-पे लावलं असेल तर आजच ॲप उघडून बघा, सेटिंग मिनिममवर आहे की टोटलवर.

भरणा ड्यू डेटच्या तीन दिवस आधी करा, कारण दुसऱ्या बँकेतून पाठवलेले पैसे जमा व्हायला कधी कधी वेळ लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते, पण ही लेट फीची सवलत आहे. व्याजाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

आणि तारीखच तुमच्या धंद्याला जुळत नसेल तर? बदलून घ्या. बिलिंग सायकल निदान एकदा तरी बदलायची सोय कार्डधारकाला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तुमची गिऱ्हाईकं पगारदार असतील, उधारी दर महिन्याच्या ५ ते ७ तारखेला येत असेल, तर स्टेटमेंट २० च्या आसपास घ्या. वीस दिवसांच्या हिशोबाने ड्यू डेट ९-१० ला येईल, तोवर गल्ल्यात पैसे असतील.

एक अडचण मात्र राहते. घाऊक व्यापारी कार्ड बघितलं की दोन टक्के जादा मागतो. ६०,००० वर ते १,२०० होतात. मग तुमचे पन्नास दिवस फुकट राहिले का? मी अशा वेळी त्याच्याकडेच पंधरा दिवसांची उधारी मागतो. निम्म्या वेळा मिळते.