पडद्याचा भाव खोक्यावर छापा

‘सुरतेत फोन दुरुस्तीची अडचण कुणाला आहे? लिंबायत, उधना, डिंडोलीत गल्लोगल्ली दुकानं आहेत, तासाभरात डिस्प्ले बदलून मिळतो. मग कायदे, निर्देशांक हवेत कशाला?’ हा युक्तिवाद वरवर पटतो. कारागिरांच्या हाताबद्दल तो खराही आहे. पण तो हाताबद्दल बोलतो आणि त्या हातात पडणाऱ्या सुट्या भागाबद्दल गप्प राहतो.

एक हिशेब मांडू. खानदेशातून आलेल्या एका लूम कामगाराचा 15,000 रुपयांचा, अमोलेड पडद्याचा फोन दोन वर्षांनी पडून फुटला, असं समजा. काच, स्पर्शाचा थर आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. बाजारात त्या अख्ख्या जोडाला ‘फोल्डर’ म्हणतात. कंपनीचा फोल्डर, मजुरी आणि 18 टक्के जीएसटी धरून साडेसहा हजार सांगितले जातात. जुना फोन विकला तर तेवढेही येत नाहीत. कोपऱ्यावरचा दुकानदार दोन हजारांत काम करून देतो, कारण तो अमोलेडच्या जागी टीएफटी बसवतो.

फोन चालू होतो, पण तो पूर्वीचा राहत नाही. पडद्याखालच्या बोटाच्या ठशाच्या सेन्सरला अमोलेडमधून आरपार येणारा प्रकाश लागतो. टीएफटीच्या मागे स्वतंत्र दिव्याचा थर असल्यामुळे ठसा उमटतच नाही. हा पडदा जाडही असतो, म्हणून कधी त्याची कड चौकटीबाहेर डोकावते आणि तिथून धूळ, ओल आत शिरते. ओळखायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडा: अमोलेड विझल्यासारखा काळा दिसतो, टीएफटी राखाडी उजळतो. यात दुकानदाराला लबाड ठरवून भागणार नाही. परवडणाऱ्या भावात अस्सल भाग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

‘मग सर्व्हिस सेंटरला जा,’ असं सांगणाऱ्यांनी लूमची पाळी पाहिलेली नाही. ती बारा तासांची असते. सेंटर दिवसा उघडं, भाग मागवावा लागला तर फोन काही दिवस तिथेच, वर डेटा पुसला जाऊ शकतो म्हणून बॅकअप घेऊन या ही सूचना. ज्याचं बँक खातं, गावी पैसे पाठवणं आणि मुकादमाचा निरोप त्याच एका फोनवर आहे, तो फोन सोडून कसा येईल? नवापूर, नंदुरबारकडच्या माणसाला तर त्यासाठी ताप्ती लाइनची गाडी धरून सुरत गाठावी लागू शकते.

कंपन्यांची बाजू अशी की बॅटरी गोंदाने चिकटवली नाही तर पाणी शिरेल, आणि बाहेरच्या दुकानात ती बदलणं धोक्याचं आहे. पहिलं म्हणणं त्यांच्याच मालाने खोडलं आहे. सॅमसंगचा 2014 चा गॅलेक्सी एस5 पाण्याला तोंड देत होता आणि त्याचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत होती. 2024 मध्ये भारतात आलेला एक्सकव्हर7ही तसाच आहे. दुसरं म्हणणं अर्धं खरं आहे. लिथियमची बॅटरी उपसताना वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. पण अस्सल बॅटरी आणि ती काढण्याची रीत दुकानदाराला न देता त्याला नकली बॅटरीकडे ढकलल्याने हा धोका वाढतोच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या भरत खेरा समितीने मे 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन किती पायऱ्यांत उघडतो, माहिती, अवजारं आणि स्क्रू कसे मिळतात, भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअर किती काळ सुधारत राहतं, यांवर गुण द्यायचे आहेत. चांगलंच आहे. मात्र या निकषांत भागाची किंमत हा स्वतंत्र निकष नाही. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून आणलेल्या निर्देशांकात सुट्या भागाची किंमत वस्तूच्या किमतीशी ताडून गुण दिले जात. आपल्याकडे फोन चार स्क्रूंत उघडला आणि फोल्डर साडेसहा हजारांचाच राहिला, तर लिंबायतचा ग्राहक टीएफटीच घेईल.

काही कंपन्या भागांचे दर संकेतस्थळावर देतात, पण फोन घेताना ते कोण शोधतो? पडदा आणि बॅटरी यांचा मजुरीसह भाव एमआरपीच्या शेजारी, खोक्यावर छापला पाहिजे, आणि ते भाग किती वर्षं मिळतील तेही. युरोपीय संघाने जून 2025 पासून विक्री थांबल्यानंतर सात वर्षं भाग पुरवण्याचं बंधन घातलं आहे. आपण निदान पाच वर्षं मागावीत. आणि त्याच भावात तो भाग उधन्याच्या दुकानदारालाही, पक्क्या बिलावर विकत मिळाला पाहिजे.